शवपेटी आणि डोंगर: दोन माणसांमधला अबोला आणि दुरावा लेनॉर्मां पत्त्यांत कसा वाचायचा

लेनॉर्मां हे भविष्य बघायचे पत्ते शिकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हात दोन पत्त्यांवर अडतो. आठ नंबरची शवपेटी निघाली की छातीत धस्स होतं, आणि एकवीस नंबरचा डोंगर निघाला की काय बोलावं ते कळत नाही. प्रश्न नात्याचा असेल तर हे दोन्ही पत्ते मृत्यूबद्दल किंवा प्रवासाबद्दल क्वचितच बोलतात. त्यांचा विषय असतो थांबणं. शवपेटीतलं थांबणं मिटून घेतल्यासारखं असतं, आपल्याकडे ज्याला अबोला धरणं म्हणतात तसं. डोंगरातलं थांबणं मध्ये काहीतरी उभं राहिल्यासारखं असतं, म्हणजे दुरावा. हा फरक हातात बसला की पुढचं वाचन बरंच सोपं होतं, म्हणून या लेखात मी एवढ्याच दोन पत्त्यांबद्दल लिहिणार आहे.

सुरुवातीला थोडं मागचं सांगते, कारण अर्थाची मुळं तिथेच आहेत. या पत्त्यांना मारी आन लेनॉर्मां (१७७२–१८४३) या पॅरिसमधल्या प्रसिद्ध भविष्यवेत्त्या बाईंचं नाव त्यांच्या मृत्यूनंतर चिकटलं. पत्ते त्यांचे नव्हेत. ही चित्रं आली आहेत जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात १७९९ च्या सुमारास निघालेल्या ‘आशेचा खेळ’ नावाच्या एका सोंगट्यांच्या खेळातून. तो योहान कास्पार हेश्टेल यांनी रचला होता आणि त्याचा एक संच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. छत्तीस पत्ते सहा रांगांत सहा-सहा मांडायचे, दोन फासे टाकायचे आणि सोंगटी पुढे न्यायची. पस्तिसाव्या घरात, म्हणजे नांगरावर, पोचला तो जिंकला. आपल्या सापशिडीसारखाच प्रकार.

आता त्या खेळाचा नियम बघा. सोंगटी शवपेटीवर आली की खेळाडू मेला असं समजायचं, पण कायमचा नाही. दुसरा कोणी त्या घरात येईपर्यंत किंवा स्वतःला दोन्ही फाशांवर सारखंच दान पडेपर्यंत तो तिथे पडून राहायचा. आणि एकविसाव्या घरात? तिथे उंच, सरळ चढाचे आल्प्स आहेत. त्या डोंगरावरही नियम तोच: दुसरा कोणी येऊन सोडवेपर्यंत किंवा जोड दान पडेपर्यंत थांबा. दोन्ही घरं डाव थांबवणारी आहेत, आणि दोन्हींतून सुटका बहुतेक वेळा दुसऱ्याच्या येण्याने होते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अर्थांच्या पाठ केलेल्या याद्या मी बाजूला ठेवल्या. दोन माणसांमधल्या अडलेल्या नात्याचं याहून नेमकं वर्णन मला करता आलं नसतं.

डोंगराबद्दल आपल्या लोकांना एक खास सावधगिरी. आपला डोंगर म्हणजे सह्याद्री. त्यावर देव असतो, गड असतो, पावसाळ्यात हिरवळ असते. त्यामुळे मराठी वाचक हा पत्ता नकळत आपलेपणाने वाचतो, ‘भक्कम आधार’ असं म्हणून मोकळा होतो. या पत्त्यातला डोंगर आल्प्सचा आहे. थंड दगड, बर्फ, वर चढायला वाट नाही, पलीकडचं माणूस दिसत नाही आणि हाक मारली तर पोचत नाही. नात्याच्या प्रश्नात तोच गारठा मनात धरा.

पत्ते आणि मांडणी

वेगळा संच विकत घेतलाच पाहिजे असं नाही. घरातल्या बावन्न पत्त्यांतून दुर्री, तिर्री, चव्वी आणि पंजी काढून टाकली की छत्तीस उरतात, आणि लेनॉर्मांच्या प्रत्येक चित्राला यातला एक पत्ता ठरलेला आहे. शवपेटी म्हणजे चौकट नव्वी. डोंगर म्हणजे किलवर अठ्ठी. प्रश्नातला पुरुष बदाम एक्का आणि स्त्री इस्पिक एक्का. सुरुवातीला पेन्सिलीने कोपऱ्यात नावं लिहून ठेवा.

नात्यातला दुरावा बघायचा असेल तर मी अशी मांडणी करते. इस्पिक एक्का टेबलाच्या डाव्या कडेला आणि बदाम एक्का उजव्या कडेला, दोन्ही उघडे. दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष असतील तर कोणता पत्ता कोणाचा हे पत्ते पिसण्याआधी मोठ्याने बोलून ठरवायचं, नंतर बदलायचं नाही. उरलेले चौतीस पत्ते पिसायचे, प्रश्न एका वाक्यात म्हणायचा, आणि वरचे पाच पत्ते दोघांच्या मध्ये डावीकडून उजवीकडे उघडायचे. पहिले दोन डाव्या माणसाच्या अंगणात पडतात, शेवटचे दोन उजव्याच्या, आणि मधला दोघांचा.

प्रश्नही नीट लागतो. ‘आमचं काय होणार?’ हा प्रश्न फार मोकळा आहे. ‘आमच्यात काय अडलंय आणि ते कोणत्या बाजूला आहे?’ असं विचारलं की पत्त्यांना उत्तर द्यायला जागा मिळते.

एक आकडा लक्षात ठेवा. चौतिसातून पाच काढताना शवपेटी आणि डोंगर दोन्ही येण्याची शक्यता शंभरात दोनहूनही थोडी कमी आहे. दोघांपैकी किमान एक येण्याची शक्यता चारात एकापेक्षा थोडी जास्त. म्हणजे ही जोडी दुर्मीळ आहे. ती दिसावी म्हणून पुन्हा पुन्हा पिसू नका. शिकताना मी हे दोन पत्ते हाताने निवडून पाच जागांपैकी कुठेही ठेवायचे, बाकी तीन जागा पिसलेल्या पत्त्यांनी भरायचे आणि वाचायचे. महिनाभर रोज एक अशी सरावाची ओळ वाचली की डोळा तयार होतो. सराव आणि खरं वाचन मात्र वेगळं ठेवा. हाताने ठेवलेल्या पत्त्यावरून कोणाला काही सांगायचं नाही.

वाचायचा क्रम

पत्ते उघडले की अर्थ सांगायची घाई करू नका. आधी फक्त जागा बघा. लेनॉर्मांच्या जुन्या सूचनांमध्ये जवळ-दूर हा फार मोठा नियम आहे. शवपेटी माणसाच्या जवळ असेल तर जड, दूर असेल तर सौम्य. आपल्या पाच पत्त्यांच्या ओळीत हा नियम ‘कोणाच्या बाजूला’ असा वापरायचा. शवपेटी जिच्या अंगणात, मिटून घेणं तिच्याकडे. डोंगर ज्याच्या अंगणात, अडथळा त्याच्याकडे. पुष्कळदा इथेच पहिला धक्का बसतो, कारण तक्रार घेऊन आलेलं माणूस समोरच्याकडे बोट दाखवत असतं आणि पत्ता त्याच्याच बाजूला पडलेला असतो.

मग शेजार बघा. डोंगर माणसाच्या पत्त्याला थेट चिकटून असेल तर तो स्वभाव किंवा मनाची स्थिती असते: तुटक वागणं, ताठा, ‘मी का फोन करू?’ असा हट्ट. तो दुसऱ्या कुठल्या गोष्टीच्या पत्त्याला चिकटलेला असेल तर ती परिस्थिती असते. जहाजाशेजारचा डोंगर म्हणजे खरोखरचं अंतर, माणूस लांब गेलेलं. मनोऱ्याशेजारचा डोंगर म्हणजे सरकारी किंवा कचेरीतलं अडलेलं काम. हृदयाशेजारी आला तर मायाच गारठलेली. हा भेद चुकला की तुम्ही साध्या कामात अडकलेल्या माणसाला निष्ठुर ठरवून बसता. मी ठरवलेलं आहे, त्याची गोष्ट पुढे येईलच.

शवपेटीचा शेजार वेगळ्या प्रश्नाने वाचायचा: पेटीत काय आहे? तिच्या डावीकडचा पत्ता सहसा सांगतो की काय मिटवून ठेवलंय. पत्र असेल तर निरोप, अंगठी असेल तर दिलेला शब्द, हृदय असेल तर भावना. लक्षात घ्या, पेटीत ठेवलेली गोष्ट नाहीशी झालेली नसते. ती आहे, फक्त झाकण बंद आहे.

दोन्ही पत्ते एकमेकांना लागून आले तर क्रमाला महत्त्व येतं. लेनॉर्मांत पहिला पत्ता नाम आणि दुसरा त्याचं विशेषण. शवपेटी आणि मग डोंगर म्हणजे असा अबोला, जो आता दगड झालाय. सुरुवात कशावरून झाली हे दोघांनाही धड आठवत नाही, पण बोलायला कोणी येत नाही. जोडीतलं हे जास्त जड रूप. डोंगर आणि मग शवपेटी म्हणजे असा दुरावा, जो संपत चाललाय किंवा ज्याच्या मुळाशी एखादा शेवट, एखादं दुःख आहे. या दोहोंतलं कोणतं, हे एकट्या जोडीवरून कळत नाही. त्यापुढचा पत्ता बघावा लागतो, आणि तो घोडेस्वार किंवा पत्रासारखा हलणारा असेल तर दुरावा संपत चाललाय असा अर्थ घ्यायचा. जोडी ओळीच्या अगदी शेवटी आली आणि पुढे पत्ताच नसला तर ‘अजून थांबलेलंच आहे’ एवढंच म्हणायचं.

शेवटी सुटका शोधा. खेळातला नियम आठवा: दुसरा कोणी येईपर्यंत. ओळीत हलणारा पत्ता आहे का? घोडेस्वार म्हणजे कोणीतरी किंवा एखादी बातमी येणं, पत्र म्हणजे लिहिलेला शब्द, करकोचा म्हणजे जागा किंवा परिस्थिती बदलणं, किल्ली म्हणजे उकल. असा पत्ता अडलेल्या पत्त्याला कोणत्या बाजूने भिडतो आणि तो कोणाच्या अंगणात आहे, यावरून पहिलं पाऊल कोणाकडून येऊ शकतं ते कळतं. हलणारा एकही पत्ता नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं. ओढून-ताणून आशा दाखवू नये.

एक वाचन, जसं झालं तसं

माझी एक मैत्रीण ठाण्याला असते, तिचा मोठा भाऊ कोल्हापूरजवळच्या गावात. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं जवळपास थांबलं होतं. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न होता, “दादा माझ्याशी का बोलत नाही?” मी तिला तो बदलून ‘आमच्यात काय अडलंय’ असा करायला लावला. डावीकडे ती, उजवीकडे दादा. मध्ये पत्ते आले ते असे: पत्र, शवपेटी, घर, डोंगर, करकोचा. (साध्या पत्त्यांत इस्पिक सत्ती, चौकट नव्वी, बदाम राजा, किलवर अठ्ठी, बदाम राणी.)

दोन्ही पत्ते एकाच ओळीत आलेले बघून मी जरा घाई केली. डोंगर दादाच्या बाजूला होता, म्हणून म्हटलं, “दादा अडून बसलाय गं. ताठा आहे त्याचा.” तिने लगेच मान डोलावली, कारण तिला हेच ऐकायचं होतं. समोरच्याने पटकन मान डोलावली की थांबावं, हे मी त्या दिवशी शिकले.

परत ओळीकडे बघितलं तर डोंगर दादाला चिकटलेला नव्हताच. त्या दोघांच्या मध्ये करकोचा होता. डोंगर चिकटला होता घराला. म्हणजे स्वभावाचा प्रश्न नव्हता, घरापाशी काहीतरी अडलं होतं. आणि करकोचा, जागा बदलणं, थेट दादाला लागून. मी विचारलं, “दादा अजून त्याच घरात राहतो का?” ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “नाही. दिवाळीत तालुक्याला खोली घेऊन गेलाय. घर बंद आहे. वहिनीकडून कळलं.” घर आधीच मध्यभागी होतं, दोघांचं, आणि त्याच्या डावीकडे शवपेटी: बंद घर, आईचं घर. डोंगर आणि करकोचा हा क्रम मी ‘हलू लागलेला अडथळा’ असा वाचला. हळू, पण हलणारा.

मग तिची बाजू. तिच्या अगदी जवळ पत्र, आणि पत्रानंतर शवपेटी. नाम पत्र, विशेषण शवपेटी: मिटून ठेवलेला निरोप. तिच्या अंगणात. “तू त्याला काही लिहिलं होतंस का, जे राहून गेलं?” एवढंच विचारलं. तिने पर्समधून फोन काढला, दादाचं नाव उघडलं आणि फोन माझ्यापुढे टेबलावर, पत्त्यांशेजारीच ठेवला. शेवटचा निरोप दादाचा होता, सात महिन्यांपूर्वीचा: “वारस नोंदीच्या कागदांवर तुझी सही लागेल. कधी येतेस?” त्याखाली, पाठवायच्या चौकटीत, तिचं अर्धं वाक्य तसंच पडून होतं. “आई असती तर तू असं सहीपुरतं”. पुढे काही नाही. पाठवलेलंही नाही आणि पुसलेलंही नाही.

तिला वाटत होतं दादा बोलत नाही. दादाच्या बाजूने बघितलं तर त्याच्या प्रश्नाला सात महिने उत्तर नव्हतं. शवपेटी तिची होती.

सुटका शोधायची तर ओळीत हलणारे पत्ते दोन, आणि योगायोगाने दोन्ही टोकांना: तिच्याकडे पत्र, त्याच्याकडे करकोचा. करकोचाचं काम दिवाळीतच होऊन गेलं होतं, दादा त्या घरातून हलला होता. उरलं होतं पत्र. मी तिला म्हटलं, अडलेल्यातली जी गाठ तुझ्या हाताशी आहे ती या वाक्यात आहे. तो काय उत्तर देईल हे या ओळीत नाही, आणि मी सांगणारही नाही. गैरहजर माणसाच्या मनातलं छातीठोकपणे सांगणारं वाचन मला पटत नाही. आपल्याला त्याची बाजू फक्त तिच्या टोकावरून दिसते.

कुठे चुकतं आणि ते कसं ओळखायचं

सगळ्यांत मोठी चूक शवपेटी बघून आजारपण किंवा मृत्यू सांगण्याची. जुन्या सूचनांत तसे अर्थ आहेत, ते मी लपवत नाही. पण नात्याच्या प्रश्नात ते सांगणं चूक आहे, आणि प्रकृतीचा प्रश्न असेल तर पत्ते बाजूला ठेवून डॉक्टरकडे पाठवणं हेच बरोबर. घरात नुकतंच कोणी गेलेलं असेल तर शवपेटी त्या गेलेल्या माणसाबद्दलही असू शकते, वरच्या वाचनात ती काही अंशी होतीच. अशा वेळी आधी विचारा, मग बोला.

दुसरी चूक विलंबाचे दिवस मोजण्याची. डोंगराचा नंबर एकवीस, म्हणून एकवीस दिवस, असं नवखे लोक सर्रास सांगतात. वेळेबद्दल वाचणाऱ्यांत एकमत नाही, त्यामुळे पत्ते उघडल्यावर सोयीची मोजणी निवडणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. मी दिवस सांगतच नाही, फक्त विलंबाची जात सांगते. शवपेटीचा विलंब आपोआप संपत नाही, कोणीतरी झाकण उघडावं लागतं. डोंगराचा विलंब वळसा घालून जाण्याचा असतो. वाट लांब पडते, पण ती असते.

तिसरी चूक जरा सूक्ष्म आहे. थंडपणा दिसला की वाचणारा तो राग समजतो. रागाला लेनॉर्मांत वेगळे पत्ते आहेत, छडी आणि कोयता. ते ओळीत नसतील तर तिथे भांडण नाही. शवपेटी आणि डोंगर एकत्र आले की चित्र शांततेचं असतं, नको असलेल्या शांततेचं. प्रश्न विचारणाऱ्याला ‘तो चिडलाय’ असं सांगितलं तर ती माफी मागायला जाते, आणि समोरच्याला माफी कशाची तेच कळत नाही. म्हणून ओळ वाचून झाली की एकदा उलट तपासा: मी जे म्हटलं ते दाखवणारा पत्ता टेबलावर आहे का? बोट ठेवता आलं पाहिजे. ठेवता येत नसेल तर ते वाक्य मागे घ्या.

छत्तीसच्या छत्तीस पत्ते मांडून मोठं वाचन करायला लागाल तेव्हाही क्रम हाच. स्त्री आणि पुरुष शोधायचे, त्यांच्यामधले पत्ते मोजायचे, शवपेटी आणि डोंगर त्यांतल्या कोणाला शिवतात ते बघायचं. तिथे दोघं पाठ फिरवून बसलेले असू शकतात, कारण संचानुसार त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला काढलेली असतात. ते नंतर शिकलात तरी चालेल.

वाचन झालं की तारीख, प्रश्न आणि पाच पत्ते वहीत लिहा, आणि त्याच प्रश्नासाठी काही बदलल्याशिवाय पुन्हा पत्ते काढू नका. मैत्रिणीने त्याच संध्याकाळी परत काढायचा आग्रह केला होता. मी पत्ते पिशवीत घातले. तिने चहा घेता घेता ते अर्धं वाक्य पुसलं आणि लिहिलं, “दादा, सही करते. घर एकदा उघडून बघूया का?” माझ्या वहीत त्या ओळीखाली नंतर भरलेली नोंद अशी आहे: उत्तर अकरा दिवसांनी. “बरं. पाडव्याला ये. किल्ली माझ्याकडे आहे.”